पत्रातला दुसरा परिच्छेद

काकू फ्रान्सहून परत आली त्या आठवड्यात राजाजीनगरच्या त्यांच्या गच्चीवर रोज त्याच तीन साड्या वाळत असायच्या. एक जांभळी, एक मोतिया, आणि एक इरकल, तिच्या आईने दिलेली. मी संघटनेच्या कामावरून परतताना खालूनच बघायचे. पहिले दोन दिवस वाटलं, प्रवासातलं धुणं असेल. मग मात्र वर गेले आणि विचारलं, "काकू, रोज त्याच साड्या का धुतेस गं?"

"वास जात नाही," ती म्हणाली.

मी नाक लावून बघितलं. मला साबणाचा वास आला, आणि त्याच्या खाली कुठेतरी गोडसर, पंचतारांकित न्हाणीघरासारखा काहीतरी. "हा? हा तर चांगला वास आहे."

"चांगलाच आहे. म्हणून तर जायला हवा," काकू म्हणाली, आणि इरकल पुन्हा बादलीत बुडवली.

काकू मूळची इथलीच. तिच्या माहेरच्या चार पिढ्या बंगळुरात गेल्या. चिक्कपेटेत कापडाचं दुकान. तिचं मराठी आमच्या मराठीसारखं नाही, त्यात कानडी असं मुरलेलं आहे की ती मध्येच 'स्वल्प थांब' म्हणते आणि तिला ते कळतही नाही. काका, म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ, साताऱ्याकडून इथे सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला आणि इथलाच झाला. त्या वर्षी त्याच्या कारखान्याने फ्रान्समधल्या एका कंपनीकडून यंत्रं घेतली होती. ती जहाजावर चढण्याआधी तिथे जाऊन तपासायची, हे काकाचं काम. सहा आठवडे. शेवटच्या पंधरवड्यात काकूही गेली, स्वखर्चाने. तिचा पहिला आणि अर्थातच एकमेव परदेश प्रवास.

काका तो प्रवास घरोघरी गमतीने सांगायचा. हॉटेलात भात शिजवला, मॅनेजर धावत आला, कशी फजिती झाली, वगैरे. सगळे हसायचे. काकू चहा आणायला आत जायची. ती दर वेळी त्याच ठिकाणी आत जाते हे माझ्या लक्षात यायला दोन-तीन बैठका लागल्या. साड्यांचं तिने मला गच्चीवर सांगितलं, बादलीकडे बघत.

झालं होतं असं. खोलीत काकाचा विजेवरचा भात शिजवायचा कुकर होता. काकू गेल्यावर भाताबरोबर आमटीही व्हायला लागली, कारण काकूने गोडा मसाला नेला होता, मेतकूट, आमसुलं, सगळं डब्यांत. एका दुपारी ती जवळच्या बागेत जाऊन परत आली तर खोलीचं दार सताड उघडं. मॅनेजर आणि सफाईची बाई आत. तिची बॅग उघडलेली, डबे रांगेने बाहेरच्या बोळकांडीत मांडलेले. बाईने हातमोजे घालून एकेक डबा काळ्या पिशवीत टाकला. शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन बघत होती. आणि मॅनेजरने एक फवाऱ्याचा डबा काढून, बॅगेत घडी करून ठेवलेल्या साड्यांवर फवारा मारला. काकू समोर उभी असताना. मग तिच्याकडे बघून हसला, बोटांनी नाक धरून दाखवलं, आणि गेला.

"भाताबद्दल ओरडला असता तर सरी, ठीकच होतं," काकू म्हणाली. "नियम असेल त्यांचा. पण साड्यांना काय केलं होतं मी? त्या तर घडीच्या होत्या, घातल्यापण नव्हत्या."

"काका काय म्हणाला?"

"संध्याकाळी आले. मी सांगितलं. म्हणाले, 'होगली बिडू.'"

म्हणजे, जाऊ दे, सोडून दे. आमच्या घरात हे कानडी वाक्य सगळ्यांना येतं.

आता मी कोण हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि ग्राहकांच्या एका संघटनेत काम करत होते. गॅसच्या सिलिंडरचं वजन, दुधातलं पाणी, मीटर न टाकणाऱ्या रिक्षा, यांवर पत्रकं लिहायची, सायक्लोस्टाइल करायची आणि बाजारात उभं राहून वाटायची. आणि मला पत्रक लिहायला शिकवलं होतं काकानेच. कारखान्यातल्या मोठ्या संपाच्या वेळी मी शाळेत होते. तो युनियनचा कार्यकर्ता होता. फाटकाबाहेर त्याच्या शेजारी उभी राहून मी पत्रकं वाटली आहेत. तो म्हणायचा, "विनंती लिहायची नाही. 'कृपया' लिहायचं नाही. मागणी लिहायची. आणि एका पत्रकात एकच मागणी, म्हणजे समोरच्याला पळायला दुसरी वाट राहत नाही." मी आजही तसंच लिहिते.

तेव्हा मी सरळ त्याच्याकडेच गेले. म्हटलं, "काका, त्या हॉटेलला पत्र लिहायचं."

तो पेपर वाचत होता. पेपर खाली घेऊन त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे काकूची भांड्यांची वाजवावाजव थांबली होती.

"लिही," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं. लिहायलाच हवं. आणि गरम पाण्याचं पण टाक. सकाळी दोन दिवस पाणीच नव्हतं."

"एका पत्रात एकच मागणी," मी म्हटलं.

तो हसला. "गुरूची विद्या गुरूला का? टाक गं पाण्याचं. शेवटी, एका ओळीत."

मला फार बरं वाटलं. मी त्या रात्री इंग्रजीत मसुदा लिहिला आणि त्याचं एक उत्तम पत्रक झालं. आम्ही तीव्र निषेध करतो, आम्ही मागणी करतो, भारतीय स्त्रीचा अपमान, वर्णद्वेष, सगळं होतं त्यात. फक्त ते पत्र नव्हतं.

हे मला ज्यांनी सांगितलं त्या फ्रेंचच्या मॅडम. फ्रेझर टाऊनमध्ये राहायच्या, पाँडिचेरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. घरी शिकवण्या घ्यायच्या आणि भाषांतरं करून द्यायच्या. आमच्या संघटनेतल्या एकीने त्यांच्याकडे फ्रेंच शिकलं होतं. मी काकूला घेऊन गेले, कारण मला वाटलं, जिच्यासाठी पत्र आहे तिने ते होताना बघावं. मॅडम माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या आणि काकूशी कानडीत, आणि पाच मिनिटांत त्या दोघींचं माझ्याशिवाय जमलं.

मॅडमनी मसुदा वाचला, चष्मा काढला.

"हे भाषांतर करून देते," त्या म्हणाल्या. "पण तो माणूस पहिल्या ओळीनंतर हे टोपलीत टाकेल. तुला तो वाचायला हवाय की टोपलीत जायला हवाय?"

"त्याला कळायला हवं की आम्ही चिडलोय."

"कळेल. फ्रेंच माणूस जितका चिडतो तितका सभ्य लिहितो. तू आधी इंग्रजीच नीट कर, मग मी फ्रेंच करीन. तुझ्या या इंग्रजीचं फ्रेंच केलं तर ते भांडणाचं होईल, तक्रारीचं नाही."

मग आम्ही टेबलावर बसून इंग्रजीच पुन्हा लिहिलं. वर डावीकडे पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, उजवीकडे खाली हॉटेलचा. मग विषयाची एक ओळ. 'डिअर सर' चालत नाही. ओळख नसलेल्या माणसाला 'प्रिय' कसं म्हणणार? नुसतं 'मॉस्यू ल दिरेक्तर', व्यवस्थापक महोदय, आणि स्वल्पविराम. आम्ही केव्हापासून केव्हापर्यंत राहिलो, कुठल्या खोलीत, हे पहिल्या परिच्छेदात. मग मॅडमनी विचारलं, "खोलीत स्वयंपाक करायला मनाई होती?"

मी काकूकडे बघितलं. काकूने मॅडमकडे. "दारामागे कागद होता," ती कानडीत म्हणाली. "फ्रेंचमध्ये. मी काय वाचणार?"

"साहेबांनी वाचला असेल."

"त्यांना भात हवा असतो ना हो रोज."

मॅडम खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "हे पहिल्याच परिच्छेदात लिहायचं. आम्ही नियम मोडून कुकर वापरला हे आम्ही मान्य करतो."

"मुळीच नाही!" मी म्हटलं. "आपणच आपली चूक लिहून द्यायची? मग ते तीच धरून बसतील."

"तू लिहिली नाहीस तर ते लिहितील, आणि मग पत्रव्यवहार कुकरवर होईल. आधीच मान्य केलंस तर त्यांच्याकडे बोलायला साड्यांशिवाय काही उरत नाही."

माझ्या पत्रकांच्या शिक्षणात हे कधी नव्हतं. पण मला ते पटलं. एकच वाट ठेवण्याचीच ती दुसरी पद्धत होती.

दुसरा परिच्छेद साड्यांचा. त्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. एकही विशेषण नाही. आमच्या अनुपस्थितीत आणि परवानगीशिवाय खोली आणि बॅग उघडण्यात आली. डबे इतर पाहुण्यांसमोर फेकण्यात आले. न वापरलेल्या कपड्यांवर सुगंधी द्रव्य फवारण्यात आलं, माझी पत्नी समोर उभी असताना. कुठलाही नियम याची परवानगी देत असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर मागणी: पैसे नकोत, खोलीभाड्यात सूट नको, फक्त लेखी दिलगिरी.

"कुणाच्या नावाने?" मॅडमनी विचारलं.

"काकाच्या. सही त्याची आहे ना."

"फवारा कुणाच्या साडीवर मारला?" आणि त्यांनी लिहिलं: दिलगिरीचं पत्र मादाम अमुक यांच्या नावे असावं. पुढे आमचं आडनाव.

काकू वाकून बघायला लागली. "कुठे आहे मी?"

मॅडमनी पेन्सिलीने त्या शब्दाखाली रेघ ओढली. एम, ए, डी, ए, एम, ई. काकूला इंग्रजी अक्षरं येतात, सावकाश, बसची पाटी वाचण्याइतकी. तिने बोट ठेवून सहा अक्षरं वाचली, मग आडनाव वाचलं. "मादाम," ती म्हणाली. "बसप्पाच्या दुकानात मला 'अक्का' म्हणतात. हे बरं आहे."

तिसऱ्या परिच्छेदात गरम पाणी, एका ओळीत. आणि शेवटी ते लांबलचक वाक्य, की माझ्या विशेष आदराची अभिव्यक्ती आपण, व्यवस्थापक महोदय, कृपया स्वीकारावी. मला हसूच आलं. मॅडम म्हणाल्या, "हसू नकोस. हे गाळलं तर तो अपमान समजेल, आणि याच्या खाली जे आहे ते बघ." खाली अगदी बारीक एक ओळ होती: प्रत, माहितीसाठी, जिल्ह्याच्या प्रशासनाकडे. तिकडे हॉटेलांना तारे देणारी तीच मंडळी. "हीच धमकी. आदराच्या खाली लिहायची."

मॅडमकडे इंग्रजी टाइपरायटर होता. फ्रेंच अक्षरांवरच्या मात्रा त्या टाइप झाल्यावर काळ्या शाईच्या पेनाने एकेक करून द्यायच्या. "दोन-तीन दिवसांत स्वच्छ प्रत करून ठेवते," त्या म्हणाल्या. "सही करायला साहेबांना पाठवा."

परतताना शिवाजीनगरला बस बदलताना काकू स्टॉपवर उभी राहून स्वतःशीच म्हणत होती, मादाम, मादाम. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही नाही, बस येतेय का बघ."

काका स्कूटरवरून जाऊन पत्र घेऊन आला. म्हणजे घेऊन आला नाहीच. तिथेच सही केली, तसाच जीपीओत गेला आणि रजिस्टर करून आला. पोचपावतीसकट. संध्याकाळी त्याने खिशातून रजिस्ट्रीची पावती काढून टेबलावर ठेवली. "झालं. आता बघू काय करतो तो फ्रेंच." काकूने पावती देवघरात नेऊन ठेवली. मला नाही म्हटलं तरी एकदा वाटलं, पत्र मला दाखवलं असतं तर बरं झालं असतं. पण मी ते शब्दन् शब्द पाठ म्हणू शकले असते. बघायचं काय त्यात?

काही आठवड्यांनी पोचपावतीचं गुलाबी कार्ड परत आलं, कुणाची तरी वेलांटीदार सही घेऊन. त्या दिवशी काकूने केसरीभात केला. काकाने माझ्या पाठीवर थाप मारली, बाबांना म्हणाला, "माझी चेली. एक दिवस मंत्र्यांना घाम फोडेल बघ." मी त्या थापेवर आठवडाभर जगले.

आणि मग उत्तर आलं.

काकाने ते ऑफिसात कुणाकडून तरी समजून घेतलं होतं. रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला होतो. जेवणानंतर त्याने लिफाफा काढला, उभा राहिला, आणि फ्रेंच बघत बघत मराठीत सांगितलं. आपलं पत्र मिळालं. पाण्याच्या गैरसोयीबद्दल खेद आहे, बॉयलर बदलला आहे. "आणि पुढे लिहिलंय," काका म्हणाला, कागद जरा डोळ्यांजवळ घेत, "की तुमच्या पत्नीला जो त्रास झाला त्याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो. पुन्हा असं होणार नाही."

आई म्हणाली, "वा!" बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी काकूकडे बघत होते. तिचा चेहरा उजळला होता. आधी तो उजळला, हे मला नीट आठवतंय, म्हणूनच पुढचं मला इतकं लागतं. तिने हात पुढे केला. "बघू?"

"तुला काय कळणार त्यातलं?" काका म्हणाला.

"मला माझं नाव बघायचंय."

तिने पत्र घेतलं, खिडकीशी गेली. बोट ठेवून, ओळीमागून ओळ. ते लहानसंच पत्र होतं. तिने ते दोनदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग घडी घातली आणि काकाला दिलं.

"नाही आहे," ती म्हणाली.

"अगं, असं थेट नाव लिहीत नाहीत ते. मोघम असतं. अर्थ तोच."

"सरी," काकू म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कामावर गेल्यावर तिने मला बोलावलं आणि ते पत्र माझ्या हातात दिलं. "त्या मॅडमना विचारून ये. मी येत नाही." मी तिथून थेट फ्रेझर टाऊनला गेले. रिक्षात मला त्या हॉटेलवाल्याचाच राग येत होता. मला वाटत होतं, त्याने काहीतरी टोलवाटोलवी केली असेल, आणि बिचाऱ्या काकाने तिचं मन राखायला एक वाक्य वरचं घातलं असेल. दुसरं पत्र कसं लिहायचं ते मी मनात जुळवतसुद्धा होते.

मॅडमनी पत्र वाचलं. "छान उत्तर आहे," त्या म्हणाल्या. "पाण्याबद्दल खेद. खोलीत स्वयंपाक केल्याचं तुम्ही प्रांजळपणे मान्य केलंत, तुमच्या या सौजन्याचं आम्हाला कौतुक वाटतं, आमच्याकडून तो विषय संपला असं समजावं. तुमच्या सहकाऱ्यांचं पुन्हा स्वागत करण्यात आनंद होईल."

"आणि साड्या?"

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "साड्यांचं कुठे होतं त्या पत्रात?"

मला काही समजेचना.

"तुझे काका आले होते ना," त्या सावकाश म्हणाल्या. "टाइप केलेलं वाचून दाखवायला सांगितलं. मग म्हणाले, दुसरा परिच्छेद काढा. प्रशासनाला प्रत जाते ती ओळही काढा. विषय गरम पाण्याचा करा. मी म्हटलं, मग पहिल्यातली कबुली कशाला ठेवायची? तर म्हणाले, राहू द्या, चांगलं दिसतं. मी पुन्हा टाइप करून दिलं. मला वाटलं, घरी बोलणं झालंय तुमचं. तुला माहीत नव्हतं?"

"तुम्ही मला विचारायचं होतं, मॅडम!"

"सही ज्याची, पत्र त्याचं. मी दुभाषी आहे, वकील नाही." मग थोडा आवाज उतरवून म्हणाल्या, "काकूंचं नाव काढताना मला बरं वाटलं नाही. पण ते मी त्यांना सांगायचं नसतं."

त्या वेळी मी त्यांच्यावरही चिडले होते. आता नाही चिडत. त्यांनी आपल्या धंद्याचा नियम पाळला. पण माझ्या काकाने कुठला नियम पाळला?

एकंदर झालं होतं ते असं: आम्ही हॉटेलला लिहून कळवलं होतं की आम्ही तुमचा नियम मोडला आणि तुमचं पाणी गार होतं. आणि त्यांनी मोठ्या मनाने आम्हाला क्षमा केली होती. त्यांनी, आम्हाला. काकूच्या देवघरात पावती होती ती या पत्राची.

मी घरी न जाता काकाच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. त्याच फाटकाबाहेर. पाळी सुटली, सायकली, स्कूटर, बसेस बाहेर पडल्या. काकाने मला बघून स्कूटर बाजूला घेतली. "इथे काय करतेयस?"

"दुसरा परिच्छेद कुठे गेला, काका?"

तो काही वेळ हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिला. मग त्याने सांगितलं, आणि शांतपणे सांगितलं, हे मला आजही सहन होत नाही. यंत्रांची दुसरी खेप निघायची होती. पुन्हा कुणीतरी तपासायला जाणार. तिथल्या कंपनीचा जो माणूस सगळी व्यवस्था बघायचा त्याचं आणि हॉटेलवाल्याचं घरोब्याचं. प्रशासनाकडे तक्रार गेली असती तर हॉटेलवाला त्याच्याकडे गेला असता, तो आमच्या ऑफिसकडे, आणि जाणाऱ्यांच्या यादीतून कुणाचं नाव गेलं असतं?

"मग आधीच सांगायचंस, की पत्र नको."

"तुझ्या काकूला बरं वाटत होतं त्यात. तुलाही."

"म्हणजे आम्हाला खेळवलंस."

"अगं, काय मिळणार होतं? एक ओळ. ती मी तिला वाचून दाखवली ना?"

"तू बनवून वाचलीस!"

"पण तिला ऐकायला मिळाली. आनंद झाला होता की नाही तिला? तूच मध्ये घोळ घातलास, तिला नाव वाचायला शिकवून."

मी म्हटलं, "संपाच्या वेळी तूच म्हणायचास ना, विनंती करायची नाही—"

"ते युनियनचं होतं," काका म्हणाला. "हे घरचं आहे."

आणि त्याने स्कूटरला किक मारली. "बस मागे, सोडतो." मी बसले नाही. चालत गेले. रस्ताभर मला वाटत होतं की मागे वळून त्या फाटकावर काहीतरी चिकटवावं, पण काय, ते सुचत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मला पत्रक सुचत नव्हतं.

काकूला मी सगळं सांगितलं. लपवायचं असं माझ्या मनातही आलं नाही. तिने विचारायला पाठवलं होतं. ती डाळ निवडत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत.

"भाताचं ठेवलं?" तिने एवढंच विचारलं.

"ठेवलं."

"अय्यो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "काकू, तू स्वतः लिही. पाहुणी तूपण होतीस. हॉटेलात शिरताना तुझं नाव-पासपोर्ट लिहून घेतलं ना त्यांनी? मग सही तुझी चालेल. काकाची गरजच नाही. मॅडमकडे मसुदा आहे, त्या फुकट करून देतील. आपण उद्याच टाकू."

तिने विचार केला. खरोखर केला, मला दिसत होतं. मग ताट बाजूला सरकवलं.

"मला त्या हॉटेलवाल्याचा आता राग नाही," ती म्हणाली. "तो परका. त्याला माझ्या साडीचं काय? त्याने नाक धरून दाखवलं, तोंडावर दाखवलं. यांनी पाठीमागे केलं आणि वर मला टाळ्या ऐकवल्या. आता त्याला कुठलं पत्र लिहू मी? आणि त्याने माफी मागितली, तरी मला ती खरी वाटेल असं वाटतं तुला?"

"मॅडम वाचून दाखवतील."

"होगली बिडू," काकू म्हणाली. पण काका म्हणतो तसं नाही. तिने ते असं म्हटलं, जसं दार लावून कडी घालावी.

तो मसुदा, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही, मी मॅडमकडून आणून ठेवलाय. मी आता मागणीची पत्रं त्याच पद्धतीने लिहिते: आधी आपली चूक, मग त्यांची, विशेषणं नाहीत, आणि प्रत कुणाला जाते ते सगळ्यांत खाली. उत्तरं जास्त येतात. फक्त, सही करणाऱ्याच्या शेजारी मी टपालपेटीपर्यंत जाते. लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

काकाचं नाव यादीत आलं. तेच गाव, तेच हॉटेल. निघायच्या संध्याकाळी आई-बाबांबरोबर मीही गेले होते, काकूसाठी. मी त्याच्याशी बोलत नव्हते, आणि त्याने बोलावं अशी अपेक्षाही ठेवली नव्हती. काकूने बॅग भरली होती, नेहमीसारखी नीटस. स्वेटर, मफलर, औषधं, दाढीचं सामान. खाली टॅक्सी उभी होती. काका बॅग उघडून वरवर हात फिरवत होता, कोपरे चाचपत होता.

"अगं, मसाला कुठे ठेवलास? आणि कुकर?"

काकू दारात उभी होती. अंगावर तीच इरकल; तिचा वास आता गेला होता.

"ठेवला नाही," ती म्हणाली. "चालत नाही ना तिथे. तुम्हीच लिहून दिलंय."

बाबा हसले, त्यांना वाटलं गंमत चालली आहे. काका हसला नाही. त्याने बॅगेची चेन ओढली, एकदा अडकली, पुन्हा ओढली. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला, आणि काकू आत वळून दिवा लावायला गेली.